साडेनऊ ते दीड : नव्या कर्मचाऱ्यांसाठी संवादाची कार्यशाळा

(प्रशिक्षण विभागातील मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, अर्ध्या दिवसाची कार्यशाळा आखायला बसलं की पहिला मोह होतो तो सगळंच घालण्याचा. देहबोली, ईमेल, सादरीकरण, ऐकण्याची कला... मग चार तासांत चाळीस स्लाइड होतात आणि मुलं एकदाही तोंड उघडत नाहीत. मी एकच सवय निवडते. कामात अडचण आली तर ती वरिष्ठाला वेळेवर आणि नीट सांगता येणं. नोकरीच्या पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त अडतं ते इथेच.

माणसं अठरा घ्या, त्याहून जास्त नकोत. तिघांचे सहा गट होतात आणि एका प्रशिक्षकाला तेवढ्यांवरच लक्ष ठेवता येतं. त्यांचे साहेब खोलीत नसावेत. साहेब मागच्या खुर्चीवर बसले की मुलं सरावासाठी नाही, साहेबांसाठी बोलतात.

साडेनऊला सुरुवात. ओळखपाळख दहा मिनिटांत उरका. पावणेअकरापर्यंत चित्राचा खेळ. मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड लेविट यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगावरून तो घेतला आहे. एकमेकांना टेकलेले सहा आयत कागदावर काढलेले असतात. एकजण पाठमोरा उभा राहून ते शब्दांत सांगतो, बाकीचे ऐकून काढतात. पहिल्या फेरीत प्रश्न विचारायचे नाहीत. दुसऱ्या फेरीत नवं चित्र, समोरासमोर, आणि हवे तेवढे प्रश्न. दोन्ही वेळा घड्याळ लावा. दुसऱ्या फेरीला वेळ जास्त लागतो आणि चित्रं जास्त बरोबर येतात, लेविटनाही तेच दिसलं होतं. इथे घाई करू नका. फळ्यावर दोन्ही फेऱ्यांच्या वेळा आणि चुका लिहा, आणि मुलांनाच विचारा, नेमक्या कोणत्या प्रश्नामुळे चित्र सुधारलं? "म्हणजे कोपरा कोपऱ्याला टेकतो, की बाजूच्या मध्यावर?" असा एखादा प्रश्न कुणीतरी सांगतंच. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत विचारून घेणं, हे त्यांच्या हाताला त्या क्षणी लागतं.

पंधरा मिनिटं चहा.

अकरा ते साडेबारा हा कार्यशाळेचा गाभा. तिघांचा गट: एक सांगणारा, एक साहेब, एक निरीक्षक. प्रसंग कागदावर द्या. उदाहरणार्थ, उद्या सकाळच्या पाळीसाठी ८०० ब्रॅकेट हवेत, स्टोअरमध्ये ३०० आहेत, सप्लायरची गाडी सकाळी अकराच्या आत येत नाही. साहेब घाईत आहेत, फोनवर दोन मिनिटं मिळतील. पहिल्यांदा बहुतेक जण म्हणतात, "सर, ते मटेरियलचा थोडा इश्यू झालाय, मी फॉलोअप करतोय." साहेबाला यातून काय कळलं? काहीच नाही. उलट सगळं आटोक्यात आहे असंच वाटलं.

निरीक्षकाच्या हातात चार प्रश्न असतात. पहिल्याच वाक्यात अडचण आली का? आकडे आले का? काय हवं ते मागितलं का? शेवटी साहेबाने काय ठरवलं ते परत म्हणून घेतलं का? "छान बोललास" म्हणायला त्याला बंदी, कारण त्याने काहीच सुधारत नाही. मग लगेच तोच फोन पुन्हा: "सर, उद्या सकाळी लाइन थांबू शकते. ब्रॅकेट ८०० लागतात, ३०० आहेत, गाडी अकराला येईल. तोवर दुसरं मॉडेल चालवू का, हे आत्ता ठरवून हवंय." फोन तीन मिनिटं, निरीक्षण तीन, पुन्हा फोन तीन, भूमिका बदलायला तीन. असे तिघांचे मिळून ३६ मिनिटं. एकदा छापील प्रसंगावर, एकदा मुलांच्या स्वतःच्या कामातल्या अडचणीवर. उरलेल्या वेळात सुरुवातीला तुम्ही एक फोन करून दाखवा. वेळ कमी पडला तर चित्राचा खेळ आखडा, पण दुसरा फोन कधीही गाळू नका. सुधारणा होते ती त्याच फोनमध्ये.

एक बिघाड ओळखायला शिका. साहेबाची भूमिका करणारा फार समजूतदार वागला, की सराव फुकट जातो. त्याच्या कागदावर लिहूनच द्या: "मध्येच तोडा, एकदा चिडा, पण मुद्दा आला की निर्णय द्या."

साडेबारा ते एक दहा हाच मजकूर व्हॉट्सअॅपवर चार ओळींत लिहायचा. तो शेजाऱ्याने वाचून, आपल्याला काय करायचंय ते सांगायचं. सांगता आलं नाही तर पुन्हा लिहायचं. शेवटची वीस मिनिटं प्रत्येकाने या आठवड्यात साहेबांना सांगायची एक खरी गोष्ट ठरवून तिचं पहिलं वाक्य लिहून काढायचं.

चार तासांत भीड मोडत नाही, हेही कंपनीला आधीच सांगा. ज्या विभागात वाईट बातमी आणणाऱ्यालाच फैलावर घेतात, तिथली मुलं महिनाभरात पुन्हा "थोडा इश्यू" वर येतात. म्हणून तीन आठवड्यांनी मी सुपरवायझरांना भेटते आणि एवढंच विचारते, अडचण कळली तेव्हा काही करायला वेळ शिल्लक होता का?