पराठ्याचा हिशेब तव्याजवळ चुकतो

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या धाकट्या जाऊबाईंचा मुलगा व्यायामशाळेत जायला लागला आणि घरात एक नवा शब्द आला, मॅक्रो. दिवसभरात किती प्रोटीन, किती कार्ब आणि किती फॅट पोटात गेलं, ते तो मोबाइलमध्ये टिपून ठेवतो. वरण-भातापर्यंत गाडी सुरळीत होती, आलू पराठ्याला अडली. ॲपमध्ये 'आलू पराठा, एक नग' असं शोधलं की दहा वेगवेगळे आकडे समोर येतात, त्यातला आपल्या घरचा कुठला? जाऊबाई वैतागून म्हणाल्या, "ताई, तुम्हीच या आणि काय ते मोजून द्या त्याला." मी आहाराचा सल्ला देण्याचं काम करते, त्यामुळे सुटका नव्हती. रविवारी सकाळी मी वजनकाटा घेऊन त्यांच्या ओट्याशी उभी राहिले. त्या सकाळचा हिशेब आज सांगते. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर बरं.

आधी कणीक. परात काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि 300 ग्रॅम गव्हाचं पीठ घेतलं. 10 ग्रॅम तेल, चवीला मीठ, आणि पाणी जाऊबाईंच्या हाताच्या अंदाजानं. पाणी मी मोजलंच नाही, कारण त्याची गरज नसते. कणीक मळून, वीस मिनिटं झाकून ठेवल्यावर तिचं वजन केलं, ते 500 ग्रॅम भरलं. यातलं पीठ 300 ग्रॅम, म्हणजे कणकेच्या प्रत्येक ग्रॅममध्ये पीठ फक्त 0.6 ग्रॅम. बाकीचं जवळजवळ सगळं पाणी, आणि पाण्याला कॅलरी नसते.

इथेच पहिली चूक होते. कणकेचा गोळा 60 ग्रॅमचा, म्हणून ॲपमध्ये पीठ 60 ग्रॅम लिहिलं जातं. खरं पीठ त्यात 36 ग्रॅमच असतं. दुसऱ्या कुणाच्या कणकेचा आकडा उसना घेऊनही चालत नाही. पुऱ्यांची घट्ट कणीक आणि पराठ्याची सैल कणीक यांत पाण्याचा फरक असतो, म्हणून तेवढ्याच वजनाच्या गोळ्यात पीठ कमी-जास्त येतं. आपलं पीठ किती घेतलं आणि आपली कणीक किती झाली, या दोन आकड्यांवर भागतं.

आता 36 ग्रॅम पिठात काय असतं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार 100 ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण 320 कॅलरी, साडेदहा ग्रॅम प्रोटीन आणि 64 ग्रॅम कार्ब असतात. तुमच्या पिठाच्या पिशवीवर कार्ब यापेक्षा जास्त छापलेले दिसतील. बऱ्याचदा तिथे तंतूही कार्बमध्येच धरलेले असतात, तक्त्यात ते वेगळे आहेत. दोन्हीपैकी कुठलाही आकडा घ्या, पण पोळीला एक आणि पराठ्याला दुसरा असं करू नका. मी तक्ता धरला. 60 ग्रॅमच्या गोळ्यातलं पीठ आणि मळताना घातलेल्या तेलाचा वाटा मिळून झाल्या 126 कॅलरी. प्रोटीन पावणेचार ग्रॅमच्या आसपास, कार्ब 23.

मग सारण. उकडून सोललेले बटाटे 530 ग्रॅम. जाऊबाई सारणाला जिरं-हिंगाची फोडणी देतात, तिला 10 ग्रॅम तेल लागलं. आलं, मिरची, कोथिंबीर, मीठ यांचं वजन होतं, पण कॅलरी नगण्य. सारण पूर्ण गार झाल्यावर वजन केलं, ते 560 ग्रॅम. गार झाल्यावरच का? कारण गरम सारणातून वाफ जात राहते. आत्ता मोजलं आणि अर्ध्या तासानं भरायला घेतलं, तर मधल्या वेळात वजन घटलेलं असतं. प्रत्येक पराठ्यात 70 ग्रॅम सारण भरलं. त्यात बटाटा 66 ग्रॅम आणि फोडणीचं तेल सव्वा ग्रॅम. त्याच्या कॅलरी झाल्या 58.

हा आकडा ऐकून पुतण्या म्हणाला, "एवढ्याच? मला तर बटाटाच वजन वाढवतो असं वाटायचं." उकडलेल्या बटाट्यात तीन चतुर्थांशापेक्षा जास्त पाणीच असतं रे बाबा. पारीच्या आतला तो जाडजूड गोळा, आणि त्यातून बाहेरच्या कणकेच्या निम्म्याही कॅलरी मिळत नाहीत.

लाटताना लागणारी पिठी बहुतेक जण विसरतात. पिठीची वाटी आधी मोजली, आठ पराठे लाटून झाल्यावर पुन्हा मोजली. पोळपाटावर उरलेली झाडून परत वाटीत टाकली होती. प्रत्येक पराठ्याला 4 ग्रॅम पिठी लागलेली निघाली, म्हणजे 13 कॅलरी. पारी नवख्या हाताची असेल, सारण सारखं बाहेर डोकावत असेल, तर हीच पिठी सहज दुप्पट होते.

इथवर एका पराठ्याच्या 197 कॅलरी झाल्या. आता तवा.

मी जाऊबाईंना विचारलं, पराठ्याला तेल किती सोडता? "चमचाभर." पोह्यांचा चमचा असेल तर तो 5 मिलिलिटरचा, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या थोडं वर. मी काही बोलले नाही. तेलाची वाटी चमच्यासकट काट्यावर ठेवली, 260 ग्रॅम. आठही पराठे भाजून झाल्यावर तीच वाटी, तोच चमचा, 196. म्हणजे 64 ग्रॅम तेल गेलं. तवा कोमट झाल्यावर कागदाच्या रुमालानं पुसून घेतला. त्या रुमालाचं वजन आधी केलेलं होतं, पुसल्यावर ते 4 ग्रॅमनं वाढलं. हे तेल कुणाच्या पोटात गेलं नाही. उरलं 60 ग्रॅम, दर पराठ्याला साडेसात.

जाऊबाई काट्याकडे संशयानं बघत होत्या. पण त्या खोटं बोलत नव्हत्या. चमचा एकच होता, फक्त तो एका बाजूला एकदा, दुसऱ्या बाजूला एकदा, आणि कडा नीट भाजल्या नाहीत म्हणून कडेनं थोडा आणखी फिरायचा. साडेसात ग्रॅम तेल म्हणजे 67 कॅलरी, आतल्या सगळ्या बटाट्यापेक्षा जास्त.

तर पूर्ण पराठा झाला सुमारे 265 कॅलरींचा. प्रोटीन 5 ग्रॅम, कार्ब 36 ग्रॅम, फॅट पावणेअकरा ग्रॅम. या फॅटमधलं साडेसात ग्रॅम एकट्या तव्यावरचं.

आता हे बघा. तेलाचा एक ग्रॅम म्हणजे 9 कॅलरी. तेवढ्याच कॅलरी कणकेतून मिळायला चार ग्रॅमहून थोडी जास्त कणीक लागते, आणि या सारणातून मिळायला जवळपास 11 ग्रॅम सारण. म्हणून पुतण्या सारणाचा गोळा पुन्हा पुन्हा काट्यावर ठेवून चिमटीनं कमी-जास्त करत होता, ती मेहनत वाया होती. सारण 5 ग्रॅमनं चुकलं तरी 4 कॅलरींचा फरक. तेल 5 ग्रॅमनं चुकलं तर 45 कॅलरींचा.

तेल मोजतानाही काटा फसवतो. स्वयंपाकघरातले बरेच काटे अगदी सावकाश वाढणारं वजन दुर्लक्षित करतात. काट्याला वाटतं आपलाच शून्य थोडा सरकला, आणि तो स्वतःला गुपचूप पुन्हा शून्यावर आणतो. काट्यावर वाटी ठेवून थेंब थेंब तेल टाकलंत तर दोन-तीन ग्रॅम तेल पडूनही आकडा हलत नाही, असं होऊ शकतं. खात्री करायची असेल तर वाटी उचला आणि पुन्हा ठेवा, आकडा बदलला तर काटा झोपला होता. शिवाय एक ग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या काट्यावर एका पराठ्याचं तेल मोजण्यात अर्थ नाही. सगळ्या पराठ्यांच्या आधी एकदा आणि नंतर एकदा वाटी मोजा, म्हणजे काट्याची चूक आठ जणांत वाटली जाते. मात्र आलेला आकडा सरासरीचा असतो. कोरड्या तव्यावरचा पहिला पराठा तेल जास्त पितो, आणि आमच्याकडे तो नेमका पुतण्याच्याच ताटात जातो.

भाजलेल्या पराठ्याच्या वजनाचंही सांगते. कच्चा पराठा, पिठी आणि तेल मिळून साडे-एकशे-एकेचाळीस ग्रॅम भरायला हवे होते. ताटातला पराठा भरला 124 ग्रॅम. गेलं ते पाणी, वाफ होऊन. जास्त खरपूस भाजला तर तो आणखी हलका होईल, पण कॅलरी 265 च्या जवळच राहतील. म्हणून ताटातल्या वजनाला कच्च्या कणकेच्या किंवा सारणाच्या आकड्यानं गुणू नका. या वजनाचा उपयोग एकच: कुणी अर्धाच खाल्ला, तर उरलेला तुकडा मोजून 124 मधला हिस्सा काढता येतो.

सारण बदललं की वरचं गणित कुठे मोडतं, तेही बघा. मुळ्याचा पराठा असेल तर किसून, मीठ लावून, घट्ट पिळल्यानंतरचं वजन धरा. पिळलेलं पाणी कणकेत घातलंत तर उत्तम, त्यानं हिशेब बिघडत नाही. फ्लॉवरचंही तसंच, फक्त सारणाला तेल घातलं असेल तर तेवढं लिहा. पनीरचा पराठा मात्र वेगळा. पनीरमध्ये स्वतःचंच फॅट भरपूर असतं, आणि ते दुधाप्रमाणे बदलतं. बटाट्याच्या सारणात 10 ग्रॅमची चूक माफ होती, पनीरच्या सारणात ती 25 कॅलरींच्या घरात जाते. तिथे पाकिटावरचा आकडा वाचा आणि काटा सारणासाठीही काळजीनं वापरा.

सगळं लिहून झालं, पुतण्यानं वही मिटली आणि पराठ्यावर लोण्याचा गोळा ठेवला. मी त्याला वही पुन्हा उघडायला लावली. बाजारच्या लोण्यात सुमारे 80 टक्के फॅट असतं, म्हणून 10 ग्रॅम लोणी म्हणजे साधारण 72 कॅलरी. तूप असतं तर 90. जाऊबाई तव्यावरून ओरडल्या, "आता वितळायच्या आत खा रे, नाहीतर ताई ताट पुसून मोजतील!"

नमस्कार.