डॉलर चढला, उद्यमबागेत कुणाच्या खिशात काय गेलं?

नमस्कार मंडळी. माईकचा आवाज मागंपर्यंत येतोय ना? बरं.

डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरनं नव्वदी ओलांडली आणि त्याच आठवड्यात मला दोन फोन आले, दोघंही बेळगावच्या उद्यमबागेतले, शेड बघायला गेलं तर एकमेकांच्या भिंतीला भिंत. एकाची फाउंड्री, पंपाच्या बॉडीचं कास्टिंग करून बाहेर पाठवतो. दुसऱ्याचं मशीन शॉप, त्यानं परदेशातून नवीन सीएनसी मशीन मागवलेलं. पहिल्याला मी म्हटलं, "तुमची तर चांदीच की हो!" तर तो म्हणतो, "कुठली चांदी सर, कागदावर दिसते, हातात येईना." आणि दुसरा रडकुंडीला आलेला. तो का रडतोय ते समजायला सोपं आहे. पहिल्याच्या हातात का येत नाही, ते समजायला हिशेब मांडायला लागतो, आणि आज मी तोच मांडणार आहे. बँकेत फॉरेक्सच्या टेबलावर बरीच वर्षं काढलीत, त्यामुळं थिअरी कमी, बिलं जास्त बोलेन.

आकडे सोपे जावेत म्हणून डॉलर ८० रुपये धरू, आणि तो चढून ८४ झाला असं समजू, म्हणजे पाच टक्के. फाउंड्रीवाल्याची एक ऑर्डर एक लाख डॉलरची. ८० नं त्याचे होतात ८० लाख. सगळा खर्च, म्हणजे माल, करंट, पगार, पॅकिंग, बंदरापर्यंतचं भाडं, मिळून ७४ लाख. राहिले सहा लाख. आता ऑर्डर तीच, डॉलर तेवढेच, पण दर ८४. खात्यात येतात ८४ लाख. खर्च जर ७४ च राहिला तर नफा सहाचा दहा झाला. डॉलर हलला पाच टक्के आणि नफा वाढला जवळजवळ सत्तर टक्के! हे कशामुळं? कारण डॉलर चढला म्हणून वर्कर लोकांचा पगार चढत नाही, हेस्कॉमचं करंटचं बिल चढत नाही, शेडचं भाडं चढत नाही. विक्री डॉलरमध्ये आणि खर्च रुपयात, ह्या दोन्हीच्या मधली जी फट असते ना, ती रुंद झाली. रुपया पडला की एक्सपोर्टरला फायदा होतो म्हणतात तो हाच, यात दुसरं काही गूढ नाही.

पण खर्च ७४ च राहतो का? इथंच खरी गोम आहे.

फाउंड्रीत काय काय लागतं बघा. पिग आयर्न, स्क्रॅप, कोक, फेरो अलॉय, रेझिन. यातलं काही थेट बाहेरून येतं, आणि जे देशातच बनतं त्याचाही भाव बाहेरचा माल इथं येऊन कितीला पडतो ते बघूनच ठरतो. कोकसाठी लागणारा कोळसा आपला देश मोठ्या प्रमाणात ऑस्ट्रेलियातून आणतो. म्हणजे पिग आयर्नचं बिल रुपयात असलं तरी त्याच्या पोटात डॉलर असतो. समजा ७४ लाखातले ३० लाख असे डॉलरला बांधलेले आहेत. ते पाच टक्क्यांनी चढले की दीड लाख गेले. वाढीव चार लाखातले उरले अडीच. एक गोष्ट मात्र आहे, यार्डात जुना माल पडलेला असेल तर पहिल्या ऑर्डरला पूर्ण चार लाख सुटतात, आणि मग माणसाला वाटतं आता असंच चालणार. पुढचा स्टॉक भरायला गेलं की समजतं.

मग येतो बायरचा मेल. परदेशातला परचेसवाला काही झोपलेला नसतो, तुमच्या रुपयाचा दर तो तुमच्यापेक्षा जास्त वेळा बघतो. तो लिहितो, तुमची करन्सी पडलीय, तर आम्हाला दोन टक्के कमी करा. दोन टक्के म्हणजे दोन हजार डॉलर, ८४ नं एक लाख ६८ हजार. अडीच लाखातून ते वजा करा, राहिले ८२ हजार. चार लाखांची वाढ, त्यातले हातात ८२ हजार. तो म्हणत होता ना, कागदावर दिसते, ती ही चांदी.

मग आता तुम्ही म्हणाल, दोन टक्के सोडायचेच कशाला? तर सोडण्यातही अर्थ असू शकतो. भाव उतरवला की दुसऱ्या देशाच्या फाउंड्रीकडं जाणारी ऑर्डर आपल्याकडं वळते, आणि देशाच्या पातळीवर एक्सपोर्ट वाढतो तो खरं तर असाच, नगाला जास्त नफा मिळून नव्हे तर जास्त नग जाऊन. पण कास्टिंगच्या धंद्यात हे आठवड्यात होत नाही. पॅटर्न बनवा, सॅम्पल पाठवा, ते तिकडं कापून तपासणार, ट्रायल लॉट घेणार, मग अप्रूव्हल, यात सहा महिने सहज जातात, कधी वर्ष. इंपोर्टचं बिल मात्र त्याच दिवशी फुगतं. म्हणून रुपया पडल्यावर आधी देशाचा व्यापार बिघडतो आणि सुधारला तर मागाहून सुधारतो, ग्राफ काढला तर इंग्रजी जे अक्षरासारखा दिसतो, म्हणून त्याला जे-कर्व्हच म्हणतात. आणि ज्याच्याशी आपली स्पर्धा आहे त्या देशाचीही करन्सी तेवढीच पडली तर मग भावात आपण पुढं गेलो कुठं? जिथं होतो तिथंच. इथली महागाई आणि पगार तिकडच्यापेक्षा पाच टक्क्यांनी जास्त वाढले तरी तेच.

आता शेजारच्या शेडमध्ये या. मशीन दीड लाख डॉलरचं. ८० नं एक कोटी वीस लाख, बँकेनं त्याच हिशेबानं लोन मंजूर केलं. तीस टक्के ॲडव्हान्स, ४५ हजार डॉलर, लगेच गेले, ३६ लाख. उरलेले एक लाख पाच हजार डॉलर मशीन जहाजावर चढल्यावर द्यायचे, सहा महिन्यांनी. ह्या सहा महिन्यांत डॉलर ८४. म्हणजे जिथं ८४ लाख धरले होते तिथं ८८ लाख २० हजार लागले. चार लाख वीस हजार जास्त, आणि हे लोनमध्ये बसत नाहीत, स्वतःच्या खिशातून घालायचे. वर ड्युटी आणि आयजीएसटी, तेही मालाच्या रुपयातल्या किमतीवर लागतात, आणि त्यासाठी कस्टम्स आपला वेगळा जाहीर केलेला दर धरतं, तुमच्या बँकेचा नाही. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं नंतर, पण पैसा तर आधी अडकतो ना.

तो हे वाढीव पैसे गिऱ्हाईकाकडून काढू शकतो का? नाही काढू शकत. तो जॉबवर्क करतो इथल्याच कंपनीसाठी, रेट वर्षभराचा ठरलेला, रुपयात. फाउंड्रीवाल्याची विक्री डॉलरमध्ये आणि खर्च बराचसा रुपयात, ह्याचं नेमकं उलटं. इंपोर्टरला फटका बसतो म्हणतात तो इथं बसतो, आणि ज्याला भाव वाढवता येतो त्याला तो कमी बसतो. खाद्यतेलाचंच घ्या. आपण खाद्यतेल निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, इंडोनेशिया, मलेशियाचं पामतेल, अर्जेंटिनाचं सोयाबीन तेल. तिथला इंपोर्टर भाव पुढं ढकलतो, आणि फटका बसतो तो गणपत गल्लीत डबा घ्यायला गेलेल्याला.

मशीनवाल्याला मी विचारलं, फॉरवर्ड बुक का नाही केलं? तर म्हणाला, तो तर जुगार आहे म्हणे. आता बघा, उघडं राहणं हा जुगार की दर बांधून घेणं हा? फॉरवर्ड म्हणजे बँकेशी करार, अमुक तारखेला अमुक डॉलर अमुक दरानं. आपल्याकडं व्याजदर अमेरिकेपेक्षा साधारण जास्त असतात म्हणून पुढच्या तारखेचा डॉलर आजच्यापेक्षा थोडा महाग असतो. हे प्रीमियम वर्षाला दोन टक्के धरलं तर सहा महिन्यांचे झाले ८० पैसे. म्हणजे त्याला डॉलर ८० रुपये ८० पैशांना बांधून मिळाला असता, एक लाख पाच हजारावर ८४ हजार रुपये जास्त. चार लाख वीस हजाराच्या जागी चौऱ्याऐंशी हजार, आणि मुख्य म्हणजे ते पहिल्याच दिवशी माहीत, तेवढं लोन आधीच मागता आलं असतं. डॉलर खाली आला असता तर हे ८४ हजार आणि वरचा फायदाही गेला असता, हेही खरं. एक्सपोर्टरला हेच प्रीमियम उलट मिळतं, त्यामुळं तो फॉरवर्ड आवडीनं करतो.

आणि आवडीनं करतो म्हणूनच अडकतो. तीन महिन्यांनी येणारे एक लाख डॉलर त्यानं ८० रुपये ४० पैशांनी विकून ठेवले आणि मध्येच बायरनं ऑर्डर कॅन्सल केली, तर? करार तर बँकेशी झालाय, बायरशी नाही. डॉलर आलेच नाहीत, बाजारात भाव ८४, म्हणजे तो फरक, तीन लाख साठ हजार, माल न पाठवता भरायचा. बहुतेकांना हे भरायची वेळ आल्यावरच समजतं. म्हणून मी सांगत असतो, हातात पक्की परचेस ऑर्डर आहे तेवढ्याचंच, आणि त्यातलंही निम्मं-पाऊणच बांधा.

अजून एक, लहान दिसतं पण आहे मोठं. पेपरात जो दर छापतो तो तुम्हाला मिळत नाही. बँक आपलं मार्जिन कापून दर देते, आणि विचारलं नाही तर जास्तच कापते. एक लाख डॉलरवर तीस पैसे म्हणजे तीस हजार रुपये. फाउंड्रीवाल्याच्या हातात राहिले ८२ हजार, आठवतंय ना? त्यातले तीस इथं जाऊ शकतात. पैसे जमा झाल्याचा ॲडव्हाइस येतो त्यावर दर लिहिलेला असतो, त्या वेळचा बाजारभाव काय होता तो शेजारी लिहून ठेवा, महिनाभर असं केलं की बँकेत जाऊन बोलायला तोंड येतं.

मघाशी खानापूरच्या ताईंनी चिठ्ठी पाठवलीय, काजूचं काय म्हणून. चांगलं विचारलंत. खानापूर काय, चंदगड काय, तिथल्या काजू कारखान्यांना वर्षभर पुरेल एवढी बी इथं पिकत नाही, आफ्रिकेतून आणायला लागते, डॉलर देऊन. गर बाहेर विकणाऱ्याला डॉलर परत मिळतात, त्याचं बरंचसं भागतं. पण गर पुण्या-मुंबईला विकणारा पूर्ण मशीनवाल्यासारखा अडकतो. आणि त्याच वेळी तुमच्यासारख्या बागवाल्यांना फायदा होतो, कारण बाहेरची बी महाग पडली की कारखानदार इथल्या बीला चार रुपये जास्त द्यायला तयार होतो. पण आफ्रिकेत पीक चांगलं येऊन तिथला भावच पंधरा टक्के उतरला, तर डॉलर पाच टक्के चढूनही बी स्वस्तच पडते. तेव्हा मार्चमध्ये बी विकायला काढायच्या आधी डॉलरचा दर एकटा बघू नका, आफ्रिकेच्या बीचा डॉलरमधला भावही विचारून घ्या, आणि दोन्हीचा गुणाकार करून मगच व्यापाऱ्याशी बोला.