थर बसला? हलवून घ्या: ताकाच्या बाटलीखालचं छोटं कार्ड

(दृश्य: सुपरमार्केटमधला समोरून उघडा चिलर. दूध, दही, लस्सी. मधल्या कप्प्यात मसाला ताकाच्या बाटल्यांच्या तीन रांगा. बाटलीचा वरचा भाग पाण्यासारखा, खाली पांढरा थर.)

निवेदन:
ही बाटली खराब झालेली नाही. ताक आंबट असतं, त्यामुळे त्यातल्या केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी जातात. वर उरते पिवळसर, पातळ निवळी. स्थिर ठेवलेल्या ताकात हा थर आपोआप दिसू लागतो. काही उत्पादक तो रोखायला पेक्टिनसारखा घटक घालतात, काही घालत नाहीत.

पण कप्प्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला हे सांगायला तिथे कोणी नसतं. त्याला दिसतं ते फाटल्यासारखं दूध. तो बाटली उचलतो, उजेडात धरतो आणि परत ठेवतो. नव्या पेयासाठी कप्प्यावर लावतात त्या छोट्या कार्डाचं पहिलं काम म्हणजे ही बाटली परत ठेवू न देणं. ‘नवीन’ हा शब्द ठळक छापणं हे दुय्यम काम आहे, आणि नेमका तोच शब्द बहुतेक कार्डांवर सगळ्यात मोठा असतो.

(दृश्य: मोजपट्टी कप्प्याच्या कडेला लावलेली.)

निवेदन:
म्हणून सुरुवात संगणकासमोर नाही, मोजपट्टी घेऊन चिलरसमोर. एक उदाहरण धरू. बाटली 200 मिलीलीटरची, रुंदी 56 मिलीमीटर. तीन रांगा शेजारी शेजारी, मधल्या फटी धरून साधारण 175 मिलीमीटर. कार्ड याहून रुंद झालं तर त्याचं टोक शेजारच्या लस्सीखाली जाईल आणि ते नेमकं कोणाबद्दल बोलतंय हे कळणार नाही. दोन्हीकडे थोडी जागा सोडून आपण रुंदी 150 धरतो.

आता उंची. कप्प्याच्या कडेला किमतीची पट्टी असते, इथे ती 39 मिलीमीटर उंच आहे. कार्ड या पट्टीच्या वर उभं केलं तर ते बाटलीचा खालचा भाग झाकतं. म्हणजे पांढरं, घट्ट ताक झाकलं जातं आणि वरची निवळी तेवढी उघडी राहते! ताकाच्या बाबतीत याहून वाईट जागा नाही. त्यामुळे कार्ड पट्टीतून खाली लोंबतं ठेवायचं.

खाली किती जागा आहे? पट्टीच्या खालच्या कडेपासून खालच्या कप्प्याच्या तळापर्यंत 270 मिलीमीटर. तिथल्या दह्याच्या डब्यांची चळत 180. उरले 90. यातले 30 हाताला लागतात, कारण डबा बाहेर काढताना माणूस तो किंचित उचलतो. कार्ड हाताच्या वाटेत आलं की दिवसभरात दुमडतं किंवा सरळ निघून येतं. म्हणजे दिसणारा भाग 60 मिलीमीटर. वर 38 मिलीमीटरचा कोरा पट्टा, तो किमतीच्या पट्टीच्या खाचेत सरकवायला. 39 च्या खाचेत 39 चा पट्टा अडकतो, म्हणून एक मिलीमीटर कमी. किमतीचं लेबल या कोऱ्या पट्ट्याच्या पुढे बसतं, त्यामुळे किंमत झाकली जात नाही.

(दृश्य: चिलरच्या वरच्या जाळीतून येणाऱ्या हवेत हलणारी कागदाची चिंधी.)

निवेदन:
मग लवचीक पट्टीवर पुढे डोलणारं कार्ड का नको? ते नजरेत चटकन भरतं, हे खरं आहे. पण उघड्या चिलरला दार नसतं. वरून खाली वाहणारा थंड हवेचा पडदाच त्याचं दार. पुढे आलेली वस्तू हा पडदा फोडते, बाहेरची उबदार हवा आत येते आणि कप्प्यातलं तापमान वाढतं. अशी डोलणारी कार्डं अनेक दुकानांचे व्यवस्थापक काढायला लावतात, आणि त्यांचं बरोबर असतं. लोंबतं कार्ड कप्प्याच्या कडेच्या रेषेतच, हवेच्या वाहण्याला समांतर राहतं. सगळ्यात खालच्या कप्प्यात मात्र तेही नको. तिथे समोर हवा परत ओढून घेणारी जाळी असते, ती झाकता कामा नये.

(दृश्य: पडद्यावर 150 बाय 60 चा रिकामा आयत. हळूहळू त्यात मजकूर येतो.)

निवेदन:
आयत रिकामा आहे. काय लिहायचं?

लोंबत्या कार्डाची एक खोड आहे: ते खालच्या वस्तूचं वाटतं. इथे लोक ते दह्याचं समजतील. ‘वर पाहा’ असं लिहिण्यापेक्षा डाव्या 45 मिलीमीटरमध्ये बाटलीचंच चित्र घ्या, झाकणाचा रंग हुबेहूब तोच, आणि शेजारी वर दाखवणारा जाड बाण. चित्रातली बाटली हलवल्यानंतरची, एकसारख्या पांढऱ्या ताकाची. ग्राहक चित्रातली आणि समोरची बाटली ताडून पाहतो, फरक त्याच्या लक्षात येतो आणि त्याच क्षणी शेजारची ओळ उपयोगी पडते.

उजवीकडे मजकुराला सुमारे 95 मिलीमीटर मिळतात. पहिली ओळ: ‘मसाला ताक’. ढकलगाडी घेऊन चालणारा माणूस साधारण दीड मीटरवर असतो. सहज वाचता यावं यासाठी अक्षराची उंची अंतराच्या एकशेविसाव्या भागाइतकी ठेवतात, म्हणजे 12 ते 13 मिलीमीटर. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची. वेलांटी, मात्रा, उकार धरून मोजली तर मूळ अक्षर लहान राहतं आणि कागदावर सगळं बरोबर असूनही कप्प्यावर वाचता येत नाही.

दुसरी ओळ: ‘थर बसला? हलवून घ्या’. अक्षरं 7 मिलीमीटर. ही ओळ बाटली हातात घेतलेला माणूस वाचतो, तो जवळ असतो, त्यामुळे एवढी उंची पुरते. सुरुवातीचा प्रश्न मुद्दाम आहे. नुसतं ‘प्यायच्या आधी हलवा’ ही सूचना झाली, तिच्यावरून डोळे सरकतात. ‘थर बसला?’ ही त्याच्या मनातली शंका आहे.

तिसरी ओळ, 4 मिलीमीटर: ‘खारट. वरून साखर घातलेली नाही.’ शेजारी गोड लस्सी असताना चव सांगणं आवश्यक आहे. ‘साखर नाही’ एवढंच लिहिणं मात्र चूक. ताकात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज असतेच. तीच गोष्ट जिवंत जिवाणूंच्या दाव्याची. ताक विरजल्यानंतर पुन्हा तापवून बाटलीत भरलं असेल तर विरजणातले जिवाणू मेलेले असतात. उत्पादकाकडून प्रक्रिया लेखी कळल्याशिवाय तो शब्द कार्डावर येऊ नये.

बास. याहून अधिक मजकूर नको. घटकांची यादी बाटलीवर आहे.

(दृश्य: पांढऱ्या कार्डावर पांढऱ्या ताकाचं चित्र, शेजारी गडद हिरव्या कार्डावर तेच चित्र.)

निवेदन:
रंगाचा निर्णय पेयच करून टाकतं. पांढऱ्यावर पांढरं ताक दिसत नाही, आणि दुग्धपदार्थांचा कप्पा आधीच पांढऱ्या-निळ्यानं भरलेला असतो. गडद हिरवी पार्श्वभूमी दोन्ही अडचणी सोडवते, कोथिंबिरीशी नातंही सांगते.

पण गडद रंगात अक्षरं कोरी सोडली की छपाईचा प्रश्न येतो. हिरवा चार शाईंच्या मिश्रणातून केला आणि एखादी शाई केसभर सरकली, तर 4 मिलीमीटरच्या अक्षरांची शिरोरेषा भरून जाते. ‘घ’ आणि ‘ध’ एकच दिसू लागतात. उपाय साधा: तो हिरवा एकाच, आधी मिसळून घेतलेल्या शाईनं छापायचा आणि छोट्या ओळीला जाड वळणाचा टंक वापरायचा. छापखान्याकडे फाइल देताना अक्षरांचं रेषाचित्रात रूपांतर करून द्या. नाहीतर त्यांच्या संगणकावर तो टंक नसला की ‘घ्या’ फुटून ‘घ्‌या’ होतं किंवा वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. कडेला कापणीसाठी चारही बाजूंनी 3 मिलीमीटर रंग जास्त सोडायचा.

(दृश्य: कडा फुगलेलं, वळलेलं जुनं कार्ड.)

निवेदन:
हे कार्ड जाड आर्ट पेपरचं होतं, वर प्लास्टिकचा थर दिलेला. तरी ते असं का झालं? थर पृष्ठभागावर असतो. कापलेली कड उघडीच राहते आणि चिलरमधला ओलावा तिथून कागदात शिरतो. थर एकाच बाजूला असेल तर कार्ड बाकही घेतं. थंड कप्प्यासाठी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा 300 ते 400 मायक्रॉनचा पत्रा घ्यावा. तो पाणी पीत नाही, ओल्या फडक्यानं पुसता येतो. त्यावर साधी शाई नीट वाळत नाही, अतिनील प्रकाशात वाळणारी शाई लागते, हे छापखान्याला आधीच सांगा. पृष्ठभाग मॅट हवा. चकचकीत कार्डावर कप्प्यातल्या दिव्याची पांढरी रेघ उमटते, आणि ती नेमकी अक्षरांवर पडते.

चिकटपट्टीवर विसंबू नका. थंड, दमट धातूवर नेहमीचा गोंद धरत नाही. पट्टीच्या खाचेत सरकवलेल्या कार्डाला गोंद लागतच नाही.

(दृश्य: साध्या प्रिंटरवर छापलेलं, कात्रीनं कापलेलं कच्चं कार्ड कप्प्यावर लावलेलं. दीड मीटरवर उभी असलेली व्यक्ती.)

निवेदन:
छपाईला पाठवण्याआधी खऱ्या मापाचा कच्चा नमुना खऱ्या कप्प्यावर लावायचा. ज्यानं कार्ड पाहिलेलं नाही अशा माणसाला दीड मीटरवरून तीन सेकंद पाहू द्यायचं, मग पाठ फिरवायला सांगून दोन प्रश्न विचारायचे. कशाचं कार्ड होतं? बाटलीचं काय करायला सांगितलं होतं?

उत्तर ‘दह्याचं’ आलं तर बाण आणि चित्र मोठं करावं लागेल. ‘ताकाचं’ आलं पण दुसऱ्या प्रश्नाला माणूस गप्प राहिला, तर त्याला जवळ जाऊन बाटली उचलू द्या आणि नजर कुठे जाते ते पाहा. दुसरी ओळ जवळून वाचली गेली की झालं. तीही हुकली तर तिसरी ओळ काढून दुसरीला जागा द्या. चव बाटलीवरही लिहिलेली असते.

कार्डाच्या कोऱ्या पट्ट्यावर, पट्टीआड जाणाऱ्या भागात, ते काढण्याची तारीख छापून ठेवा. कप्प्यातली मांडणी बदलते, ताक दोन कप्पे वर सरकतं आणि कार्ड जुन्याच जागी राहतं. मग ‘थर बसला? हलवून घ्या’ हे वाचून कुणीतरी दुधाची पिशवी हलवत बसतं.