तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप? सकाळची वाट बघू नका

समजा, रात्रीचे दोन वाजलेत. बाळ 24 दिवसांचं आहे. अंग गरम लागलं म्हणून काखेत थर्मामीटर लावला, तर 100.8. सर्दी नाही, खोकला नाही, रडारडही नाही. फक्त संध्याकाळपासून दूध जरा कमी ओढतंय आणि दोन घोट घेतले की डोळे मिटतंय. घरातलं कुणीतरी म्हणतं, "कपडे जास्त झाले असतील. सकाळी बघू."

कपड्यांची शंका अगदीच चुकीची नाही. जाड दुपटं काढा, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजा. उतरला तरी डॉक्टरांना फोन करून सांगाच. आणि आकडा 100.4 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस किंवा त्याच्या वर राहिला, तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

"पण बाळ तर छान दिसतंय!" खरी फसगत इथेच होते. या वयात प्रतिकारशक्ती कच्ची असते. लघवीतला जंतुसंसर्ग पटकन रक्तात उतरू शकतो आणि रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. मोठ्या माणसाची अशा वेळी मान आखडते, डोकं ठणकतं. एवढ्या लहान बाळात यातलं काहीच दिसेल असं नाही. ताप हीच कित्येकदा एकमेव खूण असते. नुसतं बघून किंवा तपासून साधा व्हायरल कुठला आणि गंभीर संसर्ग कुठला, हे डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून तर तपासण्या लागतात.

आपल्या या बाळाचं रक्त आणि लघवी तपासतील. पाठीतलं पाणीही काढतील. हे ऐकूनच आईबाबांच्या पोटात गोळा येतो, मला कळतं. पण महिन्याच्या आतल्या बाळात मेंदूच्या आवरणाचा संसर्ग नाही ना, याची खात्री करायला दुसरा भरवशाचा मार्ग नाही. महिन्याच्या पुढच्या बाळांमध्ये हे पाणी काढायचं की नाही, ते बाकीचे रिपोर्ट बघून ठरवतात.

घरात पॅरासिटामॉलचे थेंब असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. ताप उतरेल, जंतू तिथेच राहतील, आणि "आता बरंय" म्हणून तुम्ही थांबाल. गार पाण्याने अंग पुसणं, मध, काढा, घुटी, यातलंही काही नको. अंगावरचं दूध मात्र वाटेतही पाजत राहा.

उलटंही होतं, बरं का. काही बाळांना संसर्गात ताप येण्याऐवजी अंगच गार पडतं. 97 च्या खाली आकडा आला, ऊब देऊनही चढेना, तरीही लगेच निघा. श्वास जोरात चालू असेल, झटका आला असेल, बाळ उठवून उठत नसेल, तर थर्मामीटर शोधत बसू नका.

महिन्याच्या आतल्या बाळाला बहुतेक वेळा भरती करून शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात. रक्तात जंतू वाढतात का, हे कळायला दीड-दोन दिवस जातात. काहीच वाढलं नाही आणि बाळ नीट दूध पीत असेल, तर औषध थांबवून घरी सोडतात.