कार्डावरची तारीख

पडद्यावर दिसतंय ते माता व बाल संरक्षण कार्ड. समजावून सांगण्यासाठी आम्ही ते एका काल्पनिक बाईच्या नावानं भरलंय. बाई बीड जिल्ह्यातली ऊसतोड कामगार, नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीनंतर फडावर जायचं, उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. अशा घरात हे कार्ड पिशवीतून गावोगाव फिरतं, आणि दर ठिकाणी वेगळा डॉक्टर ते उघडतो. म्हणून त्यावरचं घरच्यांनाही वाचता आलं पाहिजे.

पहिल्यांदा बघायची ती शेवटच्या पाळीची तारीख. पाळी ज्या दिवशी सुरू झाली तो दिवस, संपली तो नव्हे. इथं लिहिलंय ५ जून. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख येते, १२ मार्च. पाळी दर महिन्याला वेळेवर येत असेल तरच हा हिशोब बरोबर बसतो.

तो बरोबर आहे का, हे पहिली सोनोग्राफी सांगते. ती १० ऑगस्टला झाली. पाळीवरून त्या दिवशी ९ आठवडे ३ दिवस भरत होते, मशीननं ९ आठवडे १ दिवस दाखवले. दोन दिवसांचा फरक म्हणजे काहीच नाही, १२ मार्च कायम. या काळात सात दिवसांपेक्षा जास्त फरक निघाला असता, तर डॉक्टरांनी सोनोग्राफीची तारीख धरली असती. पाळी आठवत नसेल तरीही तीच धरतात. कारण पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास सारख्याच वेगानं वाढतात. पुढं मात्र आईचं रक्त, तिचा बीपी, वारेतून मिळणारा पुरवठा यावर प्रत्येकाची वाढ वेगळी होत जाते.

दुसरी सोनोग्राफी साधारण १८ ते २० आठवड्यांत, बाळाच्या अवयवांत काही व्यंग आहे का ते बघायला. या कार्डावर ती ऑक्टोबरात येते. टोळी निघायच्या आत ती उरकून घ्यावी, फडावरून एक दिवसाची सुट्टी मागणं किती अवघड असतं ते मुकादमाकडून उचल घेतलेल्याला विचारा.

आता जानेवारीचं पान. कारखान्याजवळच्या गावात १५ तारखेला तिसरी सोनोग्राफी झाली. १२ मार्चच्या हिशोबानं त्या दिवशी ३२ आठवडे पूर्ण. रिपोर्टात मात्र बाळाचं माप २९ आठवड्यांचं, आणि खाली छापलेली तारीख २ एप्रिल. घरी फोन जातो, "तारीख तीन आठवडे पुढं गेली."

तारीख पुढं गेलेली नाही. मशीन बाळाचं डोकं, पोट, मांडीचं हाड मोजतं आणि एवढं बाळ सरासरी किती आठवड्यांचं असतं, ते छापतं. पहिल्या सोनोग्राफीत वय पक्कं झालं असेल, तर या आकड्याचा अर्थ एकच निघतो. बाळ वयाच्या मानानं लहान आहे.

हे पारखायला त्याच पानावर आणखी खुणा आहेत. आईच्या पोटावरून टेपनं मोजलेली गर्भाशयाची उंची ३२ आठवड्यांना साधारण ३२ सेंटिमीटर हवी, इथं २८ आहे. बीपी ऑगस्टात ११०/७०, नोव्हेंबरात १२८/८२, आता १४२/९२, थोडं बसवून पुन्हा घेतला तरी तेवढाच. १४०/९० किंवा त्याच्या पुढं गेला की तो वाढलेला धरतात. आणि लघवीच्या तपासणीत अल्ब्युमिनसमोर अधिकची खूण, म्हणजे लघवीतून प्रथिन जातंय. एकेक आकडा बघितला तर माणूस सोडून देईल. चारही एकाच बाजूला झुकलेत, म्हणजे वारेतून बाळाला पुरेसं रक्त पोचत नसावं, आणि आईचाही बीपी धोक्याकडे चाललाय.

अशा कार्डावर लाल स्टिकर लागतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची खास तपासणी होते, त्यात जोखीम नसेल तर हिरवा, जोखमीला लाल. गरोदरपणातल्या बीपीसाठी निळा आणि मधुमेह, थायरॉइडसारख्या जोडआजारांसाठी पिवळाही ठरलेला आहे. लाल बघून काही सासवा घाबरतात, काही कार्डच लपवतात. त्याचा अर्थ इतकाच, की हे बाळंतपण उपकेंद्रात करायचं नाही. जिथं स्त्रीरोगतज्ज्ञ, रक्त आणि ऑपरेशनची सोय आहे तिथंच.

आता पुढचा हिशोब. बीपी वाढलेला आणि बाळाची वाढ खुंटलेली असेल, तर पुष्कळदा ३७ आठवड्यांच्या आसपास बाळंतपण करून घेतात, रक्तप्रवाहाच्या डॉपलर तपासणीत बिघाड दिसला तर त्याहूनही आधी. १२ मार्च धरली तर ३७ आठवडे १९ फेब्रुवारीला भरतात. २ एप्रिल धरली तर १२ मार्चला. घरचे चुकीच्या तारखेवर विसंबले, तर आतल्या बाळाला हे तीन आठवडे कमी रक्तावर काढावे लागतील.

म्हणून नव्या दवाखान्यात शेवटच्या रिपोर्टाबरोबर ऑगस्टचा रिपोर्टही पुढं ठेवायचा. मधे डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तोंडावर सूज चढली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर पुढच्या ९ तारखेची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा.