खंडन कोणाच्या वाट्याला?

नमस्कार श्रोतेहो. गटाने वादविवाद सादर करायचा म्हटलं की वाटणी बहुधा एकाच पद्धतीने होते. चांगलं बोलणाऱ्यांना मुद्दे, एखाद्याला समारोप, आणि जो उरेल त्याला खंडन! माझ्या मते गाडी इथेच घसरते.

विषय घेऊ, 'गृहपाठ बंद करावा'. अनुकूल बाजूला चौघे, प्रतिकूल बाजूला चौघे. प्रत्येक बाजूचे दोघे मुद्दे मांडतील, प्रत्येकी 3 मिनिटं. तिसरा 2 मिनिटं खंडन करेल आणि चौथा 2 मिनिटांत समारोप. एका बाजूची 10 मिनिटं झाली. मुद्दे आलटून पालटून मांडायचे आणि दोन्ही बाजूंचे मुद्दे संपल्यावरच खंडनाला सुरुवात करायची.

खंडन करणाऱ्याला मी भाषण लिहूच देत नाही. त्याच्या हातात उभी घडी घातलेला एक कागद द्यायचा. डावीकडे समोरच्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत उतरवायचं, उजवीकडे आपलं उत्तर. उजवी बाजू कोरी राहिली तर तो मुद्दा आपल्याला जड जातोय, हे लगेच कळतं.

आता अनुकूल बाजू म्हणाली, "गृहपाठामुळे मुलांची झोप कमी होते." त्यावर प्रतिकूल बाजूचा खंडनकर्ता उठून म्हणतो, "पण गृहपाठाने सराव होतो!" ऐकायला ठीक वाटतं, पण हे उत्तरच नाही. झोपेचा मुद्दा तसाच राहिला आणि यांचाच पहिला मुद्दा पुन्हा वाजला. पाठ करून आलेलं खंडन असं चटकन ओळखू येतं. खरं उत्तर असं हवं: "झोप कमी होते ती जास्त गृहपाठामुळे. तो कमी करा, बंद कशाला?" यावर अनुकूल बाजू म्हणेल, "प्रत्येक विषयाचे शिक्षक आपापला गृहपाठ देतात. एकूण किती झाला, हे मोजणार कोण?" इथे वाद खऱ्या अर्थाने सुरू झाला.

हे जमायचं तर दोन्ही बाजूंनी दोन दिवस आधी आपापल्या मुद्द्यांची नुसती शीर्षकं एकमेकांना द्यावीत. पुरावे, उदाहरणं मात्र झाकलेलीच. काहींना ही फितुरी वाटते. पण शीर्षकंच माहीत नसतील, तर एक बाजू झोपेवर बोलते, दुसरी शिस्तीवर, आणि दोघांची गाठच पडत नाही.

समारोप करणाऱ्याला एकच पथ्य: नवा मुद्दा काढायचा नाही, कारण त्यावर उत्तर द्यायला समोर कोणी उरलेलं नसतं. त्याने वाद जिथे अडला तेवढंच उचलावं. आपल्या उदाहरणात, एकूण गृहपाठावर लगाम घालता येईल का, एवढंच. म्हणून त्याचीही दोन मिनिटं घरी लिहून होत नाहीत. पहिलं वाक्य तयार ठेवावं, बाकीचं खंडनकर्त्याचा तो घडीचा कागद मागून घेऊन बोलावं.