फोटोवरून गिझर ओळखताना

मंडळी, आज समोर बसलेल्यांत वायरमन आहेत, प्लंबर आहेत आणि घरगुती निवास चालवणारे यजमानही बरेच आहेत, म्हणून विषय सर्वांच्या रोजच्या कामातला घेतला आहे. तारकर्लीहून किंवा गुहागरहून फोनवर एक फोटो येतो, खाली ‘गिझर चालत नाही’ एवढेच लिहिलेले असते, आणि निघण्यापूर्वी आपल्याला ठरवायचे असते की ही वस्तू साठवणीचा गिझर आहे, इन्स्टंट आहे की नुसता रॉड. हे ठरले नाही, तर पिशवीत कोणता सुटा भाग टाकायचा हेही ठरत नाही.

रॉडबद्दल फार बोलायला नको. बालदीच्या काठाला अडकवायची खाच असलेली प्लास्टिकची मूठ, तिच्यातून निघालेली वायर आणि खाली वळवलेली धातूची नळी दिसली की काम संपले. फसगत होते ती एकाच ठिकाणी. कोणीतरी गिझर उघडून त्यातला गरम करणारा एलिमेंट बाहेर काढतो आणि त्याचाच फोटो पाठवतो. तोही वळवलेल्या नळीसारखाच दिसतो, पण त्याला मूठ नसते. नळीची टोके एका जाड चकतीत किंवा मोठ्या नटात बसवलेली असतात आणि चकतीच्या मागे वायर जोडायचे उघडे खिळे दिसतात. असा एलिमेंट बालदीत बुडवून बघावा असे कोणाला वाटू नये, म्हणून यजमानांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

खरी अडचण भिंतीवरच्या लहान, पांढऱ्या, उभ्या डब्याची आहे. पंधरा किंवा पंचवीस लिटरचा पिंप कोणीही ओळखतो. पण तीन लिटरचा इन्स्टंट आणि सहा लिटरचा साठवणीचा गिझर फोटोत जुळ्या भावांसारखे दिसतात. दोघांनाही खालून दोन नळ्या येतात आणि दोघांवरही दिवे असतात. पुष्कळ जण सेफ्टी व्हॉल्व्ह पाहून साठवणीचा गिझर म्हणून मोकळे होतात, पण तीन लिटरच्या इन्स्टंटमध्येही टाकी असते आणि दाब सोडण्याची सोय असते, त्यामुळे त्या खुणेवर निर्णय देता येत नाही. खालच्या कडेवरचे गंजाचे ओघळ पाहूनही तसेच होते. आपल्या खाऱ्या हवेत पत्र्याचे आवरण लवकर गंजते, प्लास्टिकचे गंजत नाही. म्हणजे गंजावरून आवरण कशाचे आहे ते कळते, आत काय आहे ते कळत नाही.

तापमान कमी-जास्त करायची फिरकी दिसली, तर कल साठवणीच्या गिझरकडे जातो, कारण लहान इन्स्टंटमध्ये थर्मोस्टॅट बहुधा कारखान्यातच ठरवून बसवलेला असतो. ऊर्जाबचतीचे ताऱ्यांचे लेबल हा त्याहून भक्कम पुरावा आहे. गरम करून ठेवलेले पाणी दिवसभरात किती उष्णता गमावते यावर त्या लेबलातले तारे ठरतात, आणि हा हिशोब साठवणीच्या गिझरचाच असतो. लेबल मात्र वाफेने निघून जाते, त्यामुळे ते दिसले नाही म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

सर्वांत खात्रीची गोष्ट म्हणजे बाजूला किंवा तळाला चिकटवलेली माहितीची पट्टी. तिच्यावर लिटर आणि वॅट असतात आणि आयएसआय चिन्हाजवळ मानकाचा क्रमांक असतो. २०८२ हा क्रमांक साठवणीच्या गिझरचा आहे, ३६८ रॉडचा आहे आणि ३०२ च्या दुसऱ्या भागातला ३५ वा विभाग इन्स्टंटचा आहे. क्रमांक पुसट झाला असेल तर लिटर आणि वॅट एकत्र वाचावेत. तीन लिटरला तीन हजार वॅट असतील तर तो इन्स्टंट, आणि पंधरा लिटरला दोन हजार असतील तर साठवणीचा. नुसत्या वॅटवर मात्र विसंबू नये, कारण तीन हजार वॅटचे साठवणीचे गिझरही मिळतात.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. मालवणकडच्या एका निवासातून असा फोटो येतो आणि यजमान सोबत सांगतात, “गिझर बिघडलो. आधी कढत येता, मगे थंडच.” फोटोत डब्याचा फक्त समोरचा भाग आहे आणि पट्टी दिसत नाही. मागे चौकोनी टाइल्स आहेत. विचारल्यावर कळते की टाइल एक फुटाची, म्हणजे सुमारे तीस सेंटिमीटरची आहे. टाइलच्या मापाने डबा वीस सेंटिमीटर रुंद आणि अडतीस उंच भरतो. इथे एक सावधगिरी हवी. डबा भिंतीच्या पुढे असल्यामुळे तो टाइलच्या तुलनेत मोठा दिसतो, म्हणून खरे माप याहून थोडे कमीच धरावे.

साठवणीच्या टाकीभोवती उष्णतारोधक थर लागतो. तो दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर धरला आणि वायरिंगसाठी वर-खाली मिळून आठ सेंटिमीटर सोडले, तर आत सोळा व्यासाची आणि तीस उंचीची टाकी बसते. तिच्यात फार तर सहा लिटर मावतात. म्हणजे दहा किंवा पंधरा लिटरचा गिझर बाद झाला. पण तीन लिटरचा इन्स्टंट आणि सहा लिटरचा साठवणीचा, हे दोन्ही उरले. इथे अंदाज ठोकून देण्याचा मोह होतो. त्यापेक्षा वीजपुरवठा मुख्य स्विचवरून बंद करायला सांगावे आणि डब्याच्या दोन्ही बाजूंचे व तळाचे फोटो मागवावेत, तेही फ्लॅश न वापरता, कारण चकचकीत पट्टीवर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो आणि नेमके आकडे जातात.

समजा, दुसऱ्या फोटोत तीन लिटर आणि तीन हजार वॅट वाचता आले. मग यजमानांच्या तक्रारीचा अर्थच बदलतो. नळ पूर्ण सोडला आणि मिनिटाला आठ लिटर पाणी वाहू लागले, तर टाकीतले तीन लिटर कढत पाणी लगेच संपते आणि पुढच्या पाण्याचे तापमान तीन हजार वॅटमध्ये जेमतेम पाच-सहा अंशांनी वाढते. पाहुण्याला ते थंडच लागणार. नळ बारीक करून धार मिनिटाला तीन लिटरच्या आत आणली, तर तेच यंत्र पाणी चौदा-पंधरा अंशांनी तापवते, आणि किनाऱ्यावर छपरावरच्या टाकीतले पाणी मुळात सत्तावीस अंशांच्या आसपास असल्यावर आंघोळीला तेवढे पुरते. दहा लिटरची बालदी भरायला साडेतीन मिनिटे लागतील, हे मात्र पाहुण्यांना सांगून ठेवावे लागेल. यात बिघाड काहीच नाही, आणि त्यासाठी मालवणला जायचीही गरज नाही.

पट्टीवर सहा लिटर आणि दोन हजार वॅट असते, तर नळ बारीक करण्याचा सल्ला निरुपयोगी ठरला असता. साठ अंशांना तापलेले सहा लिटर पाणी थंड पाण्यात मिसळून चाळीस अंशांचे केले, तर सुमारे पंधरा लिटर होते, म्हणजे दीड बालदी. तेवढे मिळून पुढे थंड येत असेल, तर सात-आठ मिनिटे थांबून पुन्हा नळ सोडायला सांगावे. त्यानंतरही पाणी कोमटच आले, तर एलिमेंट आणि थर्मोस्टॅट दोन्ही पिशवीत टाकून निघावे.